एकच क्रमांक, दोन उत्पन्ने: इक्वेटोरियल गिनीच्या आकड्यांतून वृद्धी आणि विकास

संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा २०१३ चा मानव विकास अहवाल उघडला, तर १८७ देशांच्या यादीत १३६ व्या क्रमांकावर दोन नावे एकाखाली एक दिसतात: इक्वेटोरियल गिनी आणि भारत. दोघांचा मानव विकास निर्देशांक तिसऱ्या दशांशापर्यंत सारखा, ०.५५४. त्याच ओळीत उजवीकडे सरकत दरडोई उत्पन्नाच्या रकान्यापर्यंत गेलो की मात्र डोळे चोळावेसे वाटतात. किमतींतला फरक समायोजित करून डॉलरमध्ये मोजलेले दरडोई राष्ट्रीय उत्पन्न भारताचे ३,२८५ आहे आणि इक्वेटोरियल गिनीचे २१,७१५. म्हणजे साडेसहा पटींहून जास्त. यादीत लगेच वर, १३५ व्या क्रमांकावर, घाना आहे आणि त्याचे उत्पन्न तर अवघे १,६८४.

‘आर्थिक वृद्धी आणि आर्थिक विकास यांतील फरक स्पष्ट करा’ या प्रश्नाला विद्यार्थी बहुधा दोन रकाने आखून उत्तर देतात. डावीकडे ‘संख्यात्मक’, उजवीकडे ‘गुणात्मक’. डावीकडे ‘संकुचित’, उजवीकडे ‘व्यापक’. त्यात चूक काही नाही. पण हे शब्द पाठ असलेल्या मुलाला ‘संख्यात्मक वाढ झाली आणि गुणात्मक बदल झाला नाही, असा एक देश दाखव’ म्हटले की पेन थांबते. तो देश या १३६ व्या ओळीत आहे. ही एक ओळ नीट वाचता आली तर दोन्ही संकल्पना आपोआप वेगळ्या होतात, म्हणून या लेखात तेवढेच करायचे आहे.

तेलाआधी आणि तेलानंतर

इक्वेटोरियल गिनी हा आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा छोटा देश आहे. बियोको नावाचे बेट, मुख्य भूमीवरचा रिओ मुनी हा प्रदेश आणि आणखी काही लहान बेटे, एवढा त्याचा पसारा. १९६८ साली तो स्पेनपासून स्वतंत्र झाला. तेव्हा कोको, कॉफी आणि लाकूड यांवर त्याची गुजराण होती. पुढची अकरा वर्षे फ्रान्सिस्को मासियास न्गेमा यांची राजवट होती. त्या काळात लोकसंख्येचा फार मोठा हिस्सा मारला गेला किंवा देश सोडून पळाला आणि कोकोचे मळे ओस पडले. १९७९ मध्ये त्यांचे पुतणे तेओदोरो ओबियांग यांनी लष्करी उठाव करून सत्ता घेतली. देश मात्र गरीबच राहिला.

१९९५ मध्ये बियोको बेटाजवळच्या समुद्रात झाफिरो हे मोठे तेलक्षेत्र सापडले आणि पुढच्याच वर्षी उत्पादन सुरू झाले. १९९७ या एका वर्षात देशाचे वास्तव उत्पादन सुमारे १५० टक्क्यांनी वाढले. हा आकडा पुन्हा वाचावा. आधीच्या वर्षी १०० असलेले उत्पादन १५० झाले, असा त्याचा अर्थ नाही. ते २५० झाले. ज्या जगात सात-आठ टक्क्यांच्या वाढीला घोडदौड म्हणतात, त्या जगात ही वाढ आहे.

आर्थिक वृद्धीची व्याख्या येथे तंतोतंत लागू पडते. देशात तयार होणाऱ्या वस्तू व सेवांच्या वास्तव मूल्यात दीर्घकाळ होणारी वाढ म्हणजे वृद्धी. यातला ‘वास्तव’ हा शब्द उत्तरात सोडू नये. नुसत्या किमती वाढल्याने फुगलेले उत्पन्न वृद्धीत धरले जात नाही, म्हणून स्थिर किमतींवरचा आकडा घेतात. ‘दीर्घकाळ’ हाही शब्द महत्त्वाचा आहे. एका चांगल्या पावसाने एका वर्षी वाढलेले उत्पादन म्हणजे वृद्धी नव्हे. इक्वेटोरियल गिनीत ही वाढ एका वर्षापुरती नव्हती. पुढची अनेक वर्षे तेलाच्या जोरावर उत्पादन चढत गेले आणि जागतिक बँकेच्या वर्गवारीत हा देश काही काळ ‘उच्च उत्पन्न’ गटातही बसला. तेव्हा ‘येथे खरी वृद्धी झालीच नव्हती’ असे म्हणून सुटका करून घेता येत नाही. वृद्धी झाली, आणि भरपूर झाली.

आता त्याच ओळीतले बाकीचे रकाने पाहू. जन्माच्या वेळचे अपेक्षित आयुर्मान इक्वेटोरियल गिनीत ५१.४ वर्षे होते. भारतात ते ६५.८ होते. तेल निघू लागून सोळा वर्षे झाल्यावरचा हा आकडा आहे. साडेसहा पट उत्पन्न असलेल्या देशात जन्मलेले मूल सरासरी चौदा वर्षे कमी जगेल, असा त्याचा अर्थ.

शाळेचा रकाना जरा जपून वाचावा लागतो, कारण तेथे दोन आकडे असतात. पहिला आकडा पंचवीस वर्षांवरील प्रौढांनी सरासरी किती वर्षे शिक्षण घेतले याचा. तो इक्वेटोरियल गिनीत ५.४ आणि भारतात ४.४ होता, म्हणजे तेथे इक्वेटोरियल गिनी पुढे. दुसरा आकडा आज शाळेच्या उंबरठ्यावर असलेल्या मुलाला सध्याच्या परिस्थितीत किती वर्षे शाळा मिळेल याचा. तो इक्वेटोरियल गिनीत ७.९ आणि भारतात १०.७. पहिला आकडा मागच्या काळाबद्दल सांगतो आणि दुसरा आताच्या काळाबद्दल. तेलाचा पैसा ज्या पिढीच्या वाट्याला यायला हवा होता, तिच्याच रकान्यात देश मागे आहे. एखादा देश सगळ्याच रकान्यांत मागे असल्याचे दाखवण्याच्या ओढीने पहिला आकडा लपवू नये. तो दिल्याने मुद्दा अधिकच स्पष्ट होतो.

समुद्रातले उत्पादन जमिनीवर का पोचले नाही

येथे चौकशी करावी लागते ती उत्पन्न मोजण्याच्या रीतीची. स्थूल देशांतर्गत उत्पादन म्हणजे देशाच्या हद्दीत तयार झालेल्या अंतिम वस्तू व सेवांचे मूल्य. हद्दीत समुद्राचा ठरावीक पट्टाही येतो. त्यामुळे किनाऱ्यापासून दूर, पाण्यातल्या फलाटावर निघालेले तेल देशाच्या उत्पादनात मोजले गेले. पण तो फलाट परदेशी कंपन्यांचा, यंत्रे आयात केलेली, तंत्रज्ञ बहुतेक बाहेरचे. तेल उपसण्यात भांडवल प्रचंड लागते आणि माणसे थोडी. कोकोचा मळा मोडला तर हजारो हातांचे काम जाते. तेलाची विहीर सुरू झाली म्हणून हजारो हातांना काम मिळत नाही. ती तेल किनाऱ्यावर न आणताच जहाजात भरून देते. अशा उद्योगाचे गावातल्या बाजाराशी, शेताशी, कारागिराशी फारसे नाते जुळत नाही.

परदेशी कंपन्यांचा नफा देशाबाहेर जातो हे लक्षात घेऊन दुसरे एक माप तयार झाले आहे, स्थूल राष्ट्रीय उत्पन्न. समजा, हद्दीत १०० एककांचे तेल निघाले आणि त्यातले ४० एकक परदेशी कंपनीने नफा म्हणून बाहेर नेले, तर देशांतर्गत उत्पादन १०० राहते आणि राष्ट्रीय उत्पन्न ६० होते. बाहेरून देशात येणारे उत्पन्न असेल तर ते यात मिळवतात. उत्तरपत्रिकांमध्ये ही दोन मापे सर्रास एकमेकांच्या जागी वापरलेली दिसतात. एरवी बऱ्याच देशांत त्यांतला फरक किरकोळ असल्याने ते खपून जाते. तेलावर चालणाऱ्या देशात ते खपत नाही.

पण एक गोष्ट नजरेआड होऊ नये. अहवालातला २१,७१५ हा आकडा राष्ट्रीय उत्पन्नाचाच आहे, म्हणजे कंपन्यांचा नफा वजा केल्यानंतरचा. गळती काढून टाकली तरी देश श्रीमंतच दिसतो. म्हणजे फसवणुकीचा एक पदर उलगडला, तरी आणखी पदर शिल्लक आहेत.

पुढचा पदर सरासरीचा. दहा माणसे आहेत, प्रत्येकाचे उत्पन्न १,००० एकक. सरासरी अर्थात १,०००. आता नऊ जणांचे उत्पन्न जसेच्या तसे राहिले आणि दहाव्याचे ९१,००० झाले. सरासरी होते १०,०००. दरडोई उत्पन्न दहापट झाले आणि दहांपैकी नऊ जणांच्या ताटात एक घासही वाढला नाही. दरडोई उत्पन्न हा भागाकार आहे. तो वाटप सांगत नाही.

इक्वेटोरियल गिनीत तो दहावा माणूस कोण, हे बऱ्यापैकी नोंदवलेले आहे. २००४ मध्ये अमेरिकी सिनेटच्या एका उपसमितीने वॉशिंग्टनमधल्या रिग्ज बँकेची चौकशी केली. या देशाच्या सरकारची, सत्ताधाऱ्यांची आणि त्यांच्या कुटुंबीयांची खाती तेथे होती आणि त्यांत एकेकाळी ७० कोटी डॉलरपर्यंत रक्कम जमा होती, असे त्या चौकशीत पुढे आले. २०१७ मध्ये फ्रान्सच्या न्यायालयाने राष्ट्राध्यक्षांचे पुत्र आणि उपराष्ट्राध्यक्ष तेओदोरिन ओबियांग यांना सार्वजनिक पैशाच्या अपहाराशी संबंधित गुन्ह्यांत दोषी ठरवले. ही सगळी रक्कम राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यात व्यवस्थित बसते. आकडा पैसा कोणाच्या खात्यात गेला हे विचारत नाही.

सरकारने खर्च केलाच नाही असेही नाही. रस्ते झाले, बंदरे झाली, इमारती झाल्या. तेव्हा राजधानी असलेल्या मलाबोजवळ सिपोपो येथे २०११ च्या आफ्रिकी संघाच्या शिखर परिषदेसाठी आलिशान निवासनगरी उभी राहिली. तीत राष्ट्रप्रमुखांसाठी ५२ बंगले होते. मुख्य भूमीवरच्या जंगलात एक नवी राजधानीच बांधायला घेतली. बांधकाम हे उत्पादन आहे, म्हणून यातली प्रत्येक वीट वृद्धीच्या दरात भर घालते. त्याच विटांनी दवाखाना बांधला असता तरी आकडा तेवढाच वाढला असता. पण पुढच्या दहा वर्षांतले आयुर्मान वेगळे दिसले असते. राष्ट्रीय उत्पन्न किती बांधले ते मोजते, काय बांधले ते पाहत नाही. तेलाच्या वीस वर्षांनंतरही या देशात जवळपास निम्म्या लोकांना सुरक्षित पिण्याचे पाणी घराजवळ मिळत नव्हते.

आणखी एक छोटी गोष्ट, भागाकारातल्या खालच्या संख्येची. अहवालाने २०१२ साठी देशाची लोकसंख्या सुमारे सात लाख धरली आहे. सरकारच्या २०१५ च्या जनगणनेत ती बारा लाखांहून अधिक भरली. तीन वर्षांत पाच लाख माणसे जन्माला येत नाहीत, तेव्हा दोहोंपैकी एक संख्या चुकीची आहे. सात लाखांऐवजी बारा लाखांनी भागले तर २१,७१५ चे साधारण साडेबारा हजार होतात. छोट्या देशाचे दरडोई उत्पन्न वाचताना हा भाजक कोणी मोजला हेही विचारावे. पण साडेबारा हजार धरले तरी ते घानाच्या सात पट आहे, म्हणून या प्रकरणाचा निष्कर्ष त्याने बदलत नाही.

विकलेली वस्तू उत्पन्न म्हणून मोजली

माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत खोल मुद्दा हा आहे आणि पाठ्यपुस्तकी उत्तरांत तोच सर्वांत कमी दिसतो.

स्थूल उत्पन्नातून निव्वळ उत्पन्न काढताना आपण घसारा वजा करतो. यंत्र वर्षभर चालले, झिजले, म्हणून त्याचे मूल्य तेवढे कमी धरायचे. मग जमिनीखालचे तेल? तेही देशाचे भांडवल आहे. पिंपभर तेल विकले की ते भांडवल पिंपाने कमी झाले आणि ते पुन्हा भरून येत नाही. तरीही राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रचलित आकड्यांत ही घट वजा केलेली नसते. घरातली वडिलोपार्जित जमीन दर वर्षी थोडी थोडी विकून आलेल्या पैशाला ‘यंदाची कमाई’ म्हणण्यासारखेच हे आहे. जमा वाढलेली दिसते आणि सातबारा आक्रसत जातो.

याचा अर्थ तेल विकू नये असा नाही. जमिनीखालचे भांडवल विकून त्या पैशाचे दुसरे भांडवल केले, म्हणजे शिकलेली माणसे, निरोगी मुले, चालणारे उद्योग किंवा किमान राखून ठेवलेला निधी, तर देश गरीब होत नाही. एका रूपातली संपत्ती फक्त दुसऱ्या रूपात जाते. नॉर्वेने तेलाच्या उत्पन्नातून मोठा सार्वजनिक निधी उभा केला, तो याच विचाराने. विकास आणि वृद्धी यांच्यातला फरक येथे काळाच्या भाषेत दिसतो. वृद्धीचा आकडा यंदा काय हाती आले ते सांगतो. पुढच्या पिढीची कमावण्याची ताकद वाढली की घटली हा विकासाचा प्रश्न आहे.

इक्वेटोरियल गिनीला याचा हिशेब लवकरच चुकवावा लागला. या शतकाच्या पहिल्या दशकाच्या मध्यावर तेलाचे उत्पादन शिखरावर पोचले आणि मग उतरणीला लागले. २०१४ मध्ये जगभर तेलाचे भाव कोसळले. २०१५ पासून देशाचे वास्तव उत्पादन सलग काही वर्षे घटत गेले. ज्या अर्थव्यवस्थेत तेलाशिवाय दुसरे काही वाढले नव्हते, तिला टेकायला काही उरले नव्हते. विकासाच्या व्याख्येत ‘अर्थव्यवस्थेच्या रचनेत बदल’ असे शब्द असतात. विद्यार्थी ते नुसते पाठ करतात. रचना बदलणे म्हणजे एक विहीर आटली तरी देश उभा राहील इतकी इतर कामे, कौशल्ये आणि उद्योग देशात तयार होणे. कोकोवरचे अवलंबित्व जाऊन तेलावरचे आले, तर पीक बदलले. रचना बदलली नाही.

निर्देशांकाच्या पोटात शिरून

एक हुशार शंका येथे हमखास येते. उत्पन्न इतके जास्त असूनही दोघांचा निर्देशांक सारखा कसा आला? आणि मानव विकास निर्देशांकातही उत्पन्न असतेच ना?

असते. निर्देशांकाचे तीन भाग आहेत: आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न. प्रत्येक भागाला शून्य ते एक यांमध्ये गुण दिले जातात. २०१३ च्या अहवालात आयुर्मानासाठी किमान २० आणि कमाल ८३.६ वर्षे धरली होती. इक्वेटोरियल गिनीसाठी (५१.४ − २०) ÷ (८३.६ − २०), म्हणजे सुमारे ०.४९४. भारतासाठी त्याच रीतीने ०.७२०. शिक्षणाचे गुण अनुक्रमे साधारण ०.४३५ आणि ०.४५७ येतात. उत्पन्नाचे ०.७९४ आणि ०.५१६.

उत्पन्न साडेसहा पट, पण गुण दीडपटच. याचे कारण असे की येथे उत्पन्नाचा लॉगरिदम घेतात. हजाराचे दोन हजार होण्याने माणसाच्या आयुष्यात जेवढा फरक पडतो, तेवढाच फरक दहा हजाराचे वीस हजार झाल्यावर पडतो, असे त्यामागचे गृहीतक आहे. पोट भरलेल्या माणसाला आणखी एका भाकरीचे तेवढे अप्रूप नसते, तसेच हे. मग तीन भागांच्या गुणांचा गुणाकार करून त्याचे घनमूळ काढतात. दोन्ही देशांचे उत्तर ०.५५ च्या आसपास येते आणि पुढचे दशांश धरून अहवालात ०.५५४ छापले जाते.

म्हणजे हा ‘सारखा’ निर्देशांक प्रत्यक्षात अगदी वेगळ्या घटकांचा बनलेला आहे. इक्वेटोरियल गिनीला १३६ व्या क्रमांकावर धरून ठेवले ते उत्पन्नाने आणि भारताला आयुर्मानाने. उत्पन्नाचा भाग बाजूला काढून फक्त आयुर्मान आणि शिक्षण यांचे गुण घेतले, म्हणजे त्या दोहोंच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढले, तर इक्वेटोरियल गिनी ०.४६ वर येतो आणि भारत ०.५७ वर. सारखेपणा संपला.

त्याच अहवालात आणखी एक रकाना असतो: देशाच्या उत्पन्नाच्या क्रमांकातून मानव विकासाचा क्रमांक वजा केल्यावर काय उरते. इक्वेटोरियल गिनीसाठी तेथे उणे ९७ आहे. उत्पन्नाने ३९ वा, मानव विकासाने १३६ वा. भारतासाठी उणे ३. ही वजाबाकी शून्याच्या जवळ असेल तर देशाने आपल्या उत्पन्नाच्या मानाने अपेक्षित एवढा मानव विकास साधला आहे. मोठी ऋण संख्या म्हणजे पैसा आहे, पण तो माणसांपर्यंत गेलेला नाही. परीक्षेत एकच आकडा लक्षात ठेवायचा असेल तर मी हा ठेवायला सांगेन.

मात्र निर्देशांकालाही डोक्यावर घेऊ नये. त्यातही सरासऱ्याच आहेत. देशातली विषमता, बोलण्याचे स्वातंत्र्य, स्त्रियांची स्थिती किंवा पर्यावरणाची झीज या मूळ निर्देशांकात दिसत नाही. ‘विकास म्हणजे मानव विकास निर्देशांक’ असे लिहिणारा विद्यार्थी एका आकड्याच्या सापळ्यातून निघून दुसऱ्या आकड्याच्या सापळ्यात शिरतो. शिवाय हे आकडे पुढच्या अहवालांत नव्या माहितीनुसार बदलतात आणि मोजण्याची रीतही सुधारते. म्हणून एका देशाचा २०१३ च्या अहवालातला आकडा दुसऱ्या देशाच्या नंतरच्या अहवालातल्या आकड्याशी ताडू नये.

उत्पन्नाच्या जोरावर मिळालेली बढती

राष्ट्रीय उत्पन्न एकटे दिशाभूल करते हे केवळ पुस्तकातले विधान नाही. त्यावर निर्णय होतात. संयुक्त राष्ट्रे ‘अल्पतम विकसित देशां’ची एक यादी ठेवतात. त्या यादीतल्या देशांना व्यापारात आणि मदतीत काही सवलती मिळतात. यादीतून बाहेर पडण्यासाठी तीन कसोट्या आहेत: दरडोई उत्पन्न, मानवी संपदा म्हणजे आरोग्य व शिक्षण, आणि धक्के सोसण्याची अर्थव्यवस्थेची क्षमता. सर्वसाधारण नियम असा की यांपैकी किमान दोन कसोट्या ओलांडाव्या लागतात. पण एक पळवाटही आहे. दरडोई उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या कित्येक पट, इक्वेटोरियल गिनीच्या वेळच्या नियमानुसार दुप्पट किंवा अधिक, असेल, तर केवळ त्या एका कसोटीवरही देश बाहेर काढता येतो.

इक्वेटोरियल गिनी याच वाटेने बाहेर पडला. त्यासाठीची शिफारस २००९ मध्ये झाली, तेव्हा तेलाचे पैसे भरभरून येत होते. मानवी संपदेची कसोटी त्याने ओलांडलेली नव्हती आणि धक्के सोसण्याचीही नाही. प्रत्यक्ष बाहेर पडण्याची तारीख आली ४ जून २०१७. तोवर उत्पादन घटू लागून दोन वर्षे उलटली होती. कागदावर देशाला बढती मिळाली ती अर्थव्यवस्था आक्रसत असतानाच. तिसरी कसोटी नेमकी कशासाठी ठेवली होती, हे यावरून कळते.

उत्तरपत्रिकेत हे कसे उतरवायचे

सहा-आठ गुणांच्या उत्तरात वरचे सगळे मावणार नाही आणि मावूही नये. आधी वृद्धीची व्याख्या एका वाक्यात, त्यात ‘वास्तव’ आणि ‘दीर्घकाळ’ हे दोन शब्द. मग विकासाची: वृद्धी, तिच्यासोबत उत्पादनाच्या रचनेत बदल आणि बहुसंख्य लोकांच्या आरोग्यात, शिक्षणात व निवडीच्या संधींत सुधारणा. त्यानंतर लगेच उदाहरण. असे काहीसे लिहिता येईल:

‘इक्वेटोरियल गिनी या देशात १९९५ मध्ये मोठे तेलक्षेत्र सापडल्यावर राष्ट्रीय उत्पन्न झपाट्याने वाढले. १९९७ मध्ये वास्तव उत्पादनातील वाढ सुमारे १५० टक्के होती. २०१३ च्या मानव विकास अहवालानुसार त्याचे दरडोई उत्पन्न २१,७१५ डॉलर होते, परंतु अपेक्षित आयुर्मान केवळ ५१.४ वर्षे. उत्पन्नाच्या क्रमांकापेक्षा त्याचा मानव विकासाचा क्रमांक ९७ स्थानांनी खाली होता. उत्पन्न समुद्रातील तेलापुरते मर्यादित राहिले, त्याचे वाटप विषम होते आणि अर्थव्यवस्थेची रचना बदलली नाही. म्हणून येथे वृद्धी झाली, पण त्या प्रमाणात विकास झाला नाही.’

यातल्या ‘त्या प्रमाणात’ या दोन शब्दांना गुण आहेत असे समजावे. ‘विकास अजिबात झाला नाही’ हे विधान सिद्ध करता येत नाही आणि ते खरेही नाही. रस्ते आणि वीज काही लोकांपर्यंत पोचलीच. परीक्षकाला खटकणारी दुसरी चूक उलट्या टोकाची असते. वृद्धी निरुपयोगी आहे, देशाने तिच्या मागे लागू नये, अशा थाटात उत्तर संपवले जाते. शाळा आणि दवाखाने चालवायला पैसा लागतो आणि तो वृद्धीतूनच येतो. घानाचे आयुर्मान ६४.६ वर्षे होते, इक्वेटोरियल गिनीपेक्षा तेरा वर्षांनी जास्त. पण १,६८४ डॉलर उत्पन्नावर घानालाही पुढचा टप्पा गाठताना दमछाकच होणार. वृद्धी विकासासाठी आवश्यक आहे, पण पुरेशी नाही, हे वाक्य बहुतेक पुस्तकांत सापडते. ते लिहायचे असेल तर ‘पुरेशी नाही’च्या पुढे इक्वेटोरियल गिनी आणि ‘आवश्यक’च्या पुढे घाना, अशी दोन नावे कंसात टाकावीत.